पहिल्या पावसावर पेरणीची घाई नको: सोयाबीन पेरणाऱ्या शेतकऱ्यांसाठी खरीप सूचना

शेतकरी बंधू-भगिनींनो,

मृगाच्या सरी सुरू झाल्या की कृषी सेवा केंद्रांवर एकाच दिवशी गर्दी होते, आणि त्या गर्दीत बियाणे, खत व औषधाविषयी नीट बोलायला ना आपल्याला वेळ मिळतो, ना विक्रेत्याला. म्हणून काउंटरवर जे सविस्तर सांगता येत नाही, ते या सूचनेत लिहून देत आहोत. खरिपात पिके अनेक असली तरी ही सूचना मुख्यतः कोरडवाहू काळ्या जमिनीतील सोयाबीनपुरती आहे, कारण दुबार पेरणीचे संकट सर्वांत जास्त याच पिकावर येते आणि त्यातील बराचसा भाग पेरणीपूर्वीच्या आठ-दहा दिवसांत टाळता येतो.

पहिला प्रश्न पावसाचा आहे. जमीन वरून ओली दिसली म्हणजे पेरणीयोग्य झाली, असे सोयाबीनच्या बाबतीत समजू नये. सोयाबीनच्या दाण्याला उगवण्यासाठी स्वतःच्या वजनाच्या सुमारे निम्मे पाणी शोषून घ्यावे लागते, तर मक्याच्या दाण्याचे काम त्यापेक्षा बऱ्याच कमी पाण्यात भागते. जमिनीत ओल अपुरी असेल तर दाणा थोडे पाणी घेऊन फुगतो, त्याच्या आत उगवणीची क्रिया सुरू होते, आणि नंतर दोन-तीन दिवस ऊन पडून वरचा थर सुकला की ती क्रिया मध्येच थांबते. असा अर्धवट फुगलेला दाणा पुढच्या पावसाची वाट पाहत जिवंत राहत नाही. त्याला बुरशी लागते, तो कुजतो, आणि त्यानंतर कितीही चांगला पाऊस झाला तरी त्या जागी रोप दिसत नाही. कोरड्या मातीत पडलेला दाणा काही दिवस टिकू शकतो, पण अर्ध्या ओलीत पडलेला दाणा हमखास जातो, हा फरक लक्षात घ्यावा.

म्हणूनच कृषी विद्यापीठे आणि कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, असे सांगतात. हा आकडा आपल्या शेतातील पावसाचा आहे. तालुक्याच्या ठिकाणी किंवा मंडळाच्या पर्जन्यमापकावर नोंदलेला पाऊस आपल्या शिवारातही तेवढाच पडला असेल, असे नाही, कारण जूनमधील वळवाचा पाऊस एका गावच्या वेशीवर पडतो आणि दुसऱ्या गावाला कोरडे ठेवतो. स्वतःच्या शेतातील पाऊस मोजणे अजिबात अवघड नाही. ज्याच्या बाजू सरळ उभ्या आहेत आणि बूड सपाट आहे असा कोणताही डबा झाडापासून व भिंतीपासून दूर, उघड्यावर पक्का ठेवावा, आणि पाऊस थांबल्यावर त्यात साचलेल्या पाण्याची उंची शाळेच्या मोजपट्टीने मोजावी. पाणी २२ मिलिमीटर उंच असेल तर पाऊस २२ मिलिमीटर झाला. डब्याचे तोंड लहान आहे की मोठे, याने उत्तर बदलत नाही, मात्र तोंडाशी रुंद आणि बुडाशी निमुळते असलेले भांडे वापरले तर मोजणी चुकते. मोजून झाल्यावर पाणी ओतून द्यावे आणि आकडा तारखेसह लिहून ठेवावा.

नुसती बेरीज करूनही भागत नाही, मधली उघडीपही विचारात घ्यावी लागते. समजा, ८ जूनला २२ मिलिमीटर आणि ११ जूनला १४ मिलिमीटर पाऊस झाला. बेरीज ३६ झाली, पण उन्हाळ्यात तापलेल्या आणि भेगाळलेल्या काळ्या जमिनीला एवढे पाणी पुरत नाही. त्यानंतर पाच दिवस कडक ऊन पडले तर त्या ३६ मधील मोठा भाग उडून जातो. पुढे १७ तारखेला ३१ आणि १८ तारखेला २६ मिलिमीटर पाऊस झाला, तर कागदावर बेरीज ९३ होते. अशा वेळी आकड्यावर न थांबता शेतात दोन-तीन ठिकाणी खुरप्याने किंवा कुदळीने खणून पाहावे. वरपासून एक वीतभर खोलीपर्यंत ओल सलग असेल, मध्ये कोरडा पट्टा नसेल, आणि खालची माती मुठीत दाबल्यावर तिचा गोळा होऊन बोटाने ढकलताच तो फुटत असेल, तर वापसा आला असे समजून १९ किंवा २० तारखेला पेरणी करण्यास हरकत नाही. गोळा फुटण्याऐवजी चिकट लगदा होत असेल तर एक दिवस आणखी थांबावे, आणि गोळाच होत नसेल तर पुढील पावसाची वाट पाहावी.

पाऊस लवकर आला म्हणजे पेरणीही लवकर करावी, हा समजही धोक्याचा आहे. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला, म्हणजे नेहमीपेक्षा बराच आधी. परंतु त्यानंतर त्याची पुढील वाटचाल जूनच्या मध्यापर्यंत थबकली. सोयाबीनसाठी जुलैच्या मध्यापर्यंत पेरणीचा काळ उपलब्ध असतो, त्यामुळे आठ दिवस थांबल्याने जे नुकसान होईल ते बियाणे, खत आणि मशागतीचा खर्च दुसऱ्यांदा करण्याच्या तुलनेत फारच कमी आहे. शेजाऱ्याचे तिफण चालू झाले म्हणून आपले चालू करण्याची गरज नाही, कारण त्याच्या शेतातील ओल आणि आपल्या शेतातील ओल एकच असेलच असे नाही.

थांबण्याच्या या दिवसांचा सर्वांत चांगला उपयोग म्हणजे बियाण्याची उगवण तपासणे. येथे आम्ही विक्रेते असूनही एक गोष्ट स्पष्ट सांगतो, की सोयाबीनचे बियाणे दरवर्षी विकत घ्यावेच लागते असे नाही. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक आहे आणि त्याचे वाण सरळ असतात, त्यामुळे जेएस ३३५, एमएयूएस ७१ किंवा फुले संगम यांसारख्या वाणाचे प्रमाणित बियाणे एकदा घेतल्यावर त्यापासून आलेले स्वच्छ, भेसळविरहित उत्पादन पुढे दोन-तीन वर्षे बियाणे म्हणून वापरता येते. संकरित कपाशीच्या बाबतीत मात्र हे चालत नाही, तेथे दरवर्षी नवीन पाकीट घ्यावेच लागते. घरच्या सोयाबीनची अडचण वाणाची नसून उगवणक्षमतेची असते. सोयाबीनचे टरफल अत्यंत पातळ असते आणि त्यातील मूळ तयार करणारा भाग टरफलाला अगदी लागून असतो, म्हणून मळणी यंत्राचा वेग जास्त ठेवला, पोते उंचावरून आपटले किंवा थप्पी फार उंच लावली, तर बाहेरून धडधाकट दिसणारा दाणाही आतून निकामी झालेला असतो. काढणीच्या वेळी पावसात भिजलेल्या सोयाबीनचेही तसेच होते. हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, ते चाचणीतच कळते.

चाचणीसाठी प्रत्येक पोत्यातून वरून, मधून आणि तळातून मूठमूठ दाणे घ्यावेत, ते एकत्र करावेत आणि न निवडता सलग १०० दाणे मोजून घ्यावेत. चांगले दाणे वेचून चाचणी केली तर उत्तर आपल्याला आवडेल, पण शेतात ते उतरणार नाही. गोणपाटाचा तुकडा भिजवून निथळावा, त्यावर दहा-दहाच्या ओळीत दाणे मांडावेत, वरून दुसरा ओला तुकडा ठेवावा आणि हलक्या हाताने गुंडाळी करून सावलीत ठेवावी. गोणपाट ओलसर राहील एवढेच पाणी रोज शिंपडावे, पाणी साचू देऊ नये, नाहीतर दाणे गुदमरून कुजतात आणि बियाणे चांगले असूनही चाचणी नापास होते. सहाव्या किंवा सातव्या दिवशी गुंडाळी उघडून ज्या दाण्यांना सरळ मूळ आणि निरोगी कोंब आला आहे तेवढेच मोजावेत. नुसते फुगलेले, बुरशी आलेले, मूळ तुटलेले किंवा वाकडा खुंटलेला कोंब असलेले दाणे उगवलेल्यांत धरू नयेत. अशा तीन गुंडाळ्या एकाच वेळी कराव्यात आणि तिन्हींची सरासरी काढावी. एकीत ७१ आणि दुसरीत ५४ असा मोठा फरक आला तर नमुना नीट मिसळला गेलेला नाही किंवा एखादे पोते खराब आहे, असे समजून प्रत्येक पोत्याची चाचणी वेगळी करावी.

प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असली पाहिजे, असा नियम आहे, आणि एकरी ३० किलो बियाणे ही शिफारस त्याच ७० टक्क्यांवर आधारलेली आहे. उगवण कमी असेल तर बियाणे त्या प्रमाणात वाढवावे लागते. हिशेब सोपा आहे: ३० ला ७० ने गुणावे आणि आलेल्या उगवणीच्या टक्क्याने भागावे. समजा, घरच्या बियाण्याची सरासरी उगवण ६२ टक्के आली. ३० गुणिले ७० म्हणजे २१००, त्याला ६२ ने भागले की जवळपास ३४ येतात. म्हणजे एकरी ३४ किलो आणि दोन एकरांसाठी ६८ किलो बियाणे लागेल. उगवण ६० टक्क्यांच्या खाली असेल तर बियाणे वाढवत जाण्यात अर्थ नाही. त्या बियाण्याचा जोमही घसरलेला असतो, गोणपाटात उगवलेले दाणेही शेतातील कठीण परिस्थितीत टिकत नाहीत, आणि ओळीत सलग तूट पडते. ते सोयाबीन बाजारात विकून दुसरे बियाणे घ्यावे. मात्र त्यावर कोणतेही औषध लावलेले नसले पाहिजे.

बियाणे विकत घेणार असाल, तर पिशवीवरील खूणचिठ्ठी दुकानातच वाचून घ्यावी. प्रमाणित बियाण्याची चिठ्ठी निळ्या रंगाची आणि सत्यप्रत बियाण्याची हिरव्या रंगाची असते. तीवर वाण, लॉट क्रमांक, उगवणीचा टक्का, चाचणीची तारीख आणि वैधतेची तारीख छापलेली असते. वैधता संपलेली पिशवी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. बिलावर हाच लॉट क्रमांक आहे ना, हे तेथेच पडताळावे, कारण पुढे तक्रार करण्याची वेळ आली तर लॉट क्रमांक नसलेल्या बिलाचा उपयोग होत नाही. विकतच्या बियाण्याचीही शंभर दाण्यांची चाचणी जरूर करावी, त्यात विक्रेत्याचा अपमान नाही. पिशवी उघडताना चिठ्ठी लावलेली बाजू न फाडता खालच्या बाजूने उघडावी, चिठ्ठीसह पिशवी जपावी, आणि पेरणीनंतर पावशेरभर बियाणे त्याच पिशवीत शिल्लक ठेवावे.

आता बीजप्रक्रिया. याबाबत सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे बुरशीनाशक, कीटकनाशक आणि जिवाणू खत हे सर्व एकदमच चोळले तर चालेल का. चालत नाही. क्रम ठरलेला आहे: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि सर्वांत शेवटी जिवाणू. कारण असे, की रायझोबियम हे जिवंत जिवाणू आहेत आणि बुरशीनाशकातील थायरमसारखा घटक त्यांच्या फार वेळ संपर्कात राहिला तर त्यांनाही मारतो. सोयाबीनच्या मुळांवर ज्या गाठी येतात आणि हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात, त्या याच जिवाणूंमुळे येतात. म्हणून ते पेरणीच्या दिवशी सकाळी, पेरणीच्या अगदी आधी लावावेत, जेणेकरून बियाणे लवकरात लवकर ओल्या मातीत जाईल.

एका एकराच्या ३० किलो बियाण्याचा हिशेब असा होतो. कार्बोक्सिन ३७.५ टक्के अधिक थायरम ३७.५ टक्के हे संयुक्त बुरशीनाशक किलोला ३ ग्रॅम, म्हणजे ९० ग्रॅम लागते. खोडमाशीचा प्रादुर्भाव होणाऱ्या भागात थायामेथोक्झाम ३० टक्के एफएस किलोला १० मिलि, म्हणजे ३०० मिलि लागते. रायझोबियम आणि स्फुरद विरघळविणारे जिवाणू दर १० किलोला प्रत्येकी २५० ग्रॅम, म्हणजे प्रत्येकी ७५० ग्रॅम लागतात. रायझोबियम घेताना पाकिटावर ते सोयाबीनसाठीचे आहे, असे लिहिलेले पाहावे. हरभऱ्याचे किंवा भुईमुगाचे रायझोबियम सोयाबीनच्या मुळावर उपयोगी पडत नाही. पाकिटाची अंतिम तारीखही पाहावी आणि ते घरी नेल्यावर उन्हात किंवा खताच्या गोणीवर ठेवू नये.

बीजप्रक्रिया करताना पाण्याची मात्रा फार महत्त्वाची आहे, आणि बरेच नुकसान नेमके येथे होते. सोयाबीनवर जास्त पाणी पडले की काही मिनिटांत टरफलाला सुरकुत्या पडतात, ते सुटते, आणि मग हाताने चोळले की दाण्याच्या दोन डाळी वेगळ्या होतात. म्हणून बियाणे ताडपत्रीवर पातळ पसरावे, पावडर दाण्याला चिकटेल इतकेच पाणी शिंपडावे, आणि हाताने रगडण्याऐवजी ताडपत्रीची दोन टोके दोघांनी धरून बियाणे इकडून तिकडे खाली-वर घोळावे. सर्व दाण्यांवर औषधाचा सारखा रंग दिसला की सावलीत सुकवावे, उन्हात सुकवू नये. हातमोजे घालावेत, आणि औषध लावलेले उरलेले बियाणे जनावरांना घालू नये किंवा आडतीवर विकू नये. विकतच्या बियाण्यावर बुरशीनाशक आधीच लावलेले असते का, हे पिशवीवर छापलेले असते. लावलेले असल्यास ते पुन्हा लावू नये, फक्त जिवाणूंची प्रक्रिया करावी.

पेरणीची खोली ३ ते ४ सेंटिमीटर ठेवावी, ५ सेंटिमीटरच्या खाली बी जाऊ देऊ नये. सोयाबीन उगवताना आपल्या जाड डाळी डोक्यावर घेऊन मातीबाहेर येते, आणि त्यासाठी कोंबाची मान वाकवून माती उचलावी लागते. खोली ७-८ सेंटिमीटर झाली, किंवा पेरणीनंतर जोराचा पाऊस पडून वर पापुद्रा धरला, तर ती मान मोडते आणि रोप मातीतच संपते. वरचा थर सुकला म्हणून खालच्या ओलीपर्यंत पोहोचण्यासाठी फण खोल लावणे, हे न उगवण्याचे एक मोठे कारण आहे, आणि बियाणे सदोष नसतानाही ते सदोष वाटते ते यामुळे. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने पेरत असाल तर पहिली फेरी झाली की यंत्र थांबवून चार ठिकाणी माती बाजूला करून खोली प्रत्यक्ष मोजावी. पापुद्रा धरलाच तर कोंब वर येण्याआधी हलकी फांदी किंवा हलके दात असलेले अवजार वरच्यावर फिरवून तो फोडता येतो.

खतांविषयी या हंगामात सर्वाधिक चौकशी डीएपीची होते, आणि डीएपी मिळेपर्यंत पेरणी थांबवून रांगेत उभे राहणारे शेतकरीही असतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहोत. पिकाला गोणीचे नाव लागत नाही, अन्नद्रव्य लागते. सोयाबीनची शिफारस विभागानुसार बदलते. मराठवाड्यासाठी ती हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश आणि २० किलो गंधक अशी आहे, म्हणजे एकरी १२ किलो नत्र, २४ किलो स्फुरद, १२ किलो पालाश आणि ८ किलो गंधक. नत्र इतके कमी असण्याचे कारण वर सांगितलेल्या मुळांवरील गाठी हे आहे. सुरुवातीच्या वाढीपुरते नत्र द्यायचे, पुढचे पीक स्वतः मिळवते. नंतर युरिया टाकला की पाने गडद होतात आणि पीक छान दिसते, पण गाठींचे काम मंदावते, पीक नुसते वाढते आणि शेंगा कमी लागतात.

डीएपीच्या ५० किलोच्या एका गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असते. म्हणजे एका एकराला एक गोणी डीएपी पुरेशी होते, पण तीत पालाश आणि गंधक मुळीच नाही. त्यासाठी २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश आणि ९० टक्के गंधक असलेले १० किलो खत वेगळे घ्यावे लागते. डीएपी नसेल तर सिंगल सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या तीन गोण्या घ्याव्यात. त्यांत १६ टक्क्यांप्रमाणे २४ किलो स्फुरद मिळते आणि त्यासोबत ११ टक्क्यांप्रमाणे सुमारे १६ किलो गंधक आपोआप येते. सोयाबीन हे तेलबियाचे पीक असल्याने त्याला गंधक लागतेच. याला २६ किलो युरिया आणि २० किलो पोटॅशची जोड दिली की शिफारस पूर्ण होते. आमच्या मते कोरडवाहू सोयाबीनसाठी हा पर्याय डीएपीच्या तोडीचा आहे, किंबहुना गंधकामुळे काकणभर सरसच आहे. त्यातील गैरसोय एवढीच, की गोण्या जास्त वाहाव्या लागतात. सुपर फॉस्फेट आणि युरिया आधीच मिसळून ठेवू नयेत. ते मिश्रण ओलसर होऊन घट्ट होते आणि पेरणी यंत्राच्या नळ्या तुंबतात, म्हणून शेतातच, लागेल तेवढेच मिसळावे.

तिसरा पर्याय १२:३२:१६ या मिश्रखताचा आहे. त्याची दीड गोणी, म्हणजे ७५ किलो, घेतली की ९ किलो नत्र, २४ किलो स्फुरद आणि १२ किलो पालाश मिळतो, फक्त गंधक वेगळे द्यावे लागते. १०:२६:२६ ची एकच गोणी टाकली तर पालाश पुरेसा होतो, पण स्फुरद १३ किलोच मिळते, म्हणजे गरजेच्या जेमतेम निम्मे. २०:२०:०:१३ मध्ये गंधक आहे, पण एका गोणीत स्फुरद १० किलोच असते आणि पालाश अजिबात नसतो. गोणीवरील आकडे म्हणजे १०० किलोत अनुक्रमे नत्र, स्फुरद व पालाश किती किलो आहे ते, आणि चौथा आकडा असल्यास तो गंधकाचा. ५० किलोच्या गोणीसाठी ते निम्मे करावेत, म्हणजे कोणतेही खत समोर आले तरी हिशेब आपला आपल्याला करता येतो. माती परीक्षणाचा अहवाल असेल तर तो सोबत आणावा, त्यानुसार मात्रा कमी-जास्त करता येते.

खत बियाण्यात मिसळून एकाच नळीतून पेरू नये. खताचे क्षार दाण्याभोवतीची ओल ओढून घेतात आणि कोवळे मूळ होरपळते. ओल कमी असेल तेव्हा हे नुकसान अधिक होते. खत बियाण्याच्या बाजूला आणि थोडे खाली पडेल अशी दोन कप्प्यांची तिफण किंवा यंत्र वापरावे. डीएपीच्या गोणीविषयी शंका वाटली तर चार दाणे तळहातावर घेऊन त्यात चुना टाकून अंगठ्याने तंबाखूसारखे मळावे. खरे डीएपी असेल तर नाकात झोंबणारा उग्र वास लगेच येतो. वास आलाच नाही तर ती गोणी वापरू नये आणि कृषी विभागाला कळवावे. ही प्राथमिक तपासणी आहे, अंतिम निर्णय प्रयोगशाळेचाच असतो.

अनुदानित खत पॉस मशीनवर आधार पडताळणी करूनच विकले जाते, म्हणून येताना आधार कार्ड आणावे आणि मशीनमधून निघालेली पावती घेतल्याशिवाय गोणी उचलू नये. गोणीवर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही, आणि युरिया किंवा डीएपीसोबत दुसरे एखादे उत्पादन घेण्याची सक्तीही करता येत नाही. तशी सक्ती कोणत्याही दुकानात झाली, आमच्याकडे झाली तरीही, तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी.

पेरणीनंतर आठव्या-दहाव्या दिवशी उगवण मोजावी. दोन ओळींतील अंतर ४५ सेंटिमीटर असेल आणि बियाणे ३० किलो पडले असेल, तर एक मीटर ओळीत १८ ते २० रोपे दिसायला हवीत. शेताच्या पाच-सहा ठिकाणी मीटरभर काठी ठेवून रोपे मोजावीत आणि सरासरी काढावी. बारा-तेरा रोपे सारख्या अंतरावर असतील तर मोडण्याची घाई करू नये, कारण मोकळी जागा मिळाल्यावर सोयाबीन फांद्या वाढवून बरीचशी तूट भरून काढते. सरासरी नऊ-दहाच्या खाली असेल, किंवा मोठे पट्टेच्या पट्टे रिकामे असतील, तर आधी कारण शोधावे. रिकाम्या जागेची माती उकरून दाणे पाहावेत. दाणा फुगून कुजलेला असेल तर ओल कमी पडल्याची, पाणी साचल्याची किंवा बियाणे कमजोर असल्याची शक्यता असते. कोंब निघून मातीखालीच वाकलेला किंवा मोडलेला असेल तर खोली जास्त झाली किंवा पापुद्रा धरला. शेताच्या ठरावीक फेऱ्यांतच तूट असेल तर यंत्राची एखादी नळी तुंबली असण्याचा संभव असतो.

ओल पुरेशी होती, खोली बरोबर होती आणि तरीही सर्व शेतात सारखीच उगवण कमी झाली, तर बियाण्याविषयी तक्रार करण्यास आधार आहे. अशा वेळी शेत मोडण्यापूर्वीच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. अर्जासोबत बिलाची प्रत, खूणचिठ्ठीची प्रत आणि पेरणीची तारीख द्यावी. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती शेतात येऊन पाहणी करते, रोपांची संख्या मोजते आणि पंचनामा करते. शेत नांगरून टाकल्यावर समितीला पाहण्यासारखे काही उरत नाही आणि तक्रार तेथेच संपते. डब्यात मोजलेल्या पावसाच्या तारखांची नोंद, शिल्लक ठेवलेले पावशेरभर बियाणे आणि पेरणीपूर्वीच्या चाचणीची गोणपाटावरील छायाचित्रे या वेळी उपयोगी पडतात. पाहणीच्या दिवशी आम्हाला कळवल्यास त्या लॉटचे आमच्याकडील खरेदीचे कागद घेऊन आम्ही शेतात हजर राहू.